सील तोडलेल्या डब्याचे पैसे परत मागताना

*ताई, 2 जूनला एका शॉपिंग ॲपवरून मॉइश्चरायझर मागवलं. 100 ग्रॅमचा डबा, 649 रुपये आणि वर 60 रुपये डिलिव्हरी. माझी त्वचा नाजूक आहे म्हणून मुद्दाम ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलेलं घेतलं. 7 तारखेपासून रोज लावत होते, काही झालं नाही. 16 तारखेला पापण्या आणि मानेला खाज सुटली, दुसऱ्या दिवशी लाल पुरळ आणि सूज. 18 ला डॉक्टरांकडे गेले, त्यांनी क्रीम बंद करायला सांगितलं. आता नीट पाहिलं तर डब्यावर बारीक अक्षरांत अगदी शेवटी ‘लॅव्हेंडर ऑइल’ आहे! विक्रेत्याला मी रागाच्या भरात लांबलचक मेसेज केला, एक स्टार देईन म्हटलं. उत्तर आलं, ‘सील तोडलेलं प्रॉडक्ट परत होत नाही. नऊ दिवस काही झालं नाही म्हणजे प्रॉडक्ट ठीक आहे. प्रत्येकाची स्किन वेगळी असते.’ आता काय लिहू म्हणजे पैसे परत मिळतील?*
*एक वाचक, नाशिक*

तुमच्या पत्रातली सगळ्यात जोरदार गोष्ट तुम्ही अगदी शेवटाकडे, जाता जाता लिहिली आहे. ती म्हणजे लॅव्हेंडर ऑइल. विक्रेत्याला केलेल्या मेसेजमध्येही ती मागेच राहिली असणार आणि पुरळ, खाज, झोप न लागणं हे सगळं पुढे आलं असणार. ते साहजिक आहे, त्रास चेहऱ्याला झालाय. पण मेसेजमध्ये हा क्रम उलटा करायला हवा.

‘तुमच्या क्रीममुळे मला ॲलर्जी झाली’ या वाक्यावर विक्रेता हजार फाटे फोडू शकतो. त्याच काळात नवीन फेसवॉश वापरला असेल, केस रंगवले असतील, पापण्यांना नेलपॉलिशचा हात लागला असेल. एवढंच नाही, एखादं क्रीम अगदी निर्दोष बनवलेलं असलं तरी कुणाला तरी ते सोसत नाही, हे खरंच आहे. त्यामुळे नुसतं पुरळ उठणं हा वस्तूतला दोष ठरेलच असं नाही. पण ‘ॲपवरच्या पानावर फ्रॅग्रन्स-फ्री लिहिलं होतं आणि डब्यात सुगंधी तेल निघालं’ या वाक्याला फाटा फुटत नाही. ते तुमच्या त्वचेबद्दल नाहीच. ते त्याच्या मालाबद्दल आहे आणि दोन फोटो शेजारी ठेवले की सिद्ध होतं.

कायदाही इथे तुमच्या बाजूनं स्पष्ट बोलतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये ‘दोष’ म्हणजे काय ते सांगताना नुसती खराब वस्तू धरलेली नाही. विक्रेत्यानं कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल, त्याच्या तुलनेत गुणवत्तेत, शुद्धतेत किंवा दर्जात कमी पडणं हाही दोषच. आणि ई-कॉमर्ससाठीच्या 2020 च्या नियमांत असं आहे की वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल, तर ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘सील तोडलं तर परत नाही’ हा नियम मन बदललेल्या गिऱ्हाइकाला लावायला ठीक आहे. क्रीमचा डबा उघडून, वापरून पुन्हा दुसऱ्याला विकता येत नाही, त्यामुळे तो नियम मुळात चुकीचाही नाही. पण सांगितलं एक आणि दिलं दुसरं, तिथे तो आड येत नाही. आत काय आहे हे सील न तोडता वास घेऊन कसं कळणार होतं?

आता त्याच्या ‘नऊ दिवस काही झालं नाही’ या मुद्द्याकडे येते, कारण हा मुद्दा ऐकून पुष्कळ जण गप्प बसतात. त्वचेला दोन तऱ्हांनी त्रास होतो. एक म्हणजे एखादा पदार्थ मुळातच झोंबणारा असतो. बहुधा लावल्यावर काही मिनिटांत किंवा काही तासांत आग होते आणि जिथे लावलं तिथेच होते. दुसरी तऱ्हा ॲलर्जीची. तिथे शरीर आधी त्या पदार्थाची ओळख पटवून घेतं, आणि या काळात वरून काहीच दिसत नाही. पहिल्यांदाच संपर्क येत असेल तर याला साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात, कधी कधी तर वर्षानुवर्षं वापरलेली वस्तूही अचानक सोसेनाशी होते. एकदा ओळख पटली की मग पुढच्या लावण्यानंतर एक ते तीन दिवसांत खाज, लाली, सूज सुरू होते. आणि चेहऱ्याला लावलेल्या गोष्टीचा त्रास बहुतेक वेळा पापण्यांना आणि मानेला आधी होतो, कारण तिथली कातडी पातळ असते. म्हणजे नऊ दिवस शांत आणि दहाव्या दिवशी पापण्यांना खाज, हा क्रम क्रीम निर्दोष असल्याचा पुरावा अजिबात नाही. उलट ॲलर्जी बहुतेक अशीच येते.

लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल नावाचा सुगंधी घटक भरपूर असतो. हवा लागली की हळूहळू त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून तयार होणारे पदार्थ त्वचेला ॲलर्जी आणणारे म्हणून माहीत आहेत. रोज झाकण उघडणाऱ्या, बोट बुडवणाऱ्या डब्यात हवा तर लागतेच. पण हे सगळं मी तुमच्यासाठी सांगतेय. मेसेजमध्ये ‘लॅव्हेंडरमुळेच झालं’ असं लिहू नका. क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह असतात, इतरही घटक असतात, आणि नेमका कुठला भोवला हे फक्त त्वचारोगतज्ज्ञांची पॅच टेस्ट सांगू शकते. त्यात पाठीवर वेगवेगळ्या घटकांच्या पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतर आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. जे सिद्ध करता येत नाही ते ठामपणे लिहिलं की विक्रेता नेमकं तेच वाक्य पकडतो आणि बाकीचा खरा मुद्दा बाजूला पडतो.

पुरावा आजच गोळा करा, मेसेज उद्या पाठवला तरी चालेल. सगळ्यात आधी त्या ॲपवरच्या पानाचे स्क्रीनशॉट. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हे शब्द, विक्रेत्याचं नाव आणि शक्य तर तारीख-वेळ एकाच चित्रात यायला हवी. हे पहिलं का, तर तक्रार गेली की असे शब्द पानावरून एका रात्रीत गायब होऊ शकतात. पानाची लिंकही जपून ठेवा. मग डबा खिडकीजवळच्या उजेडात धरून चारी बाजूंनी फोटो काढा. घटकांची यादी वाचता येईल इतक्या जवळून घ्या, डब्याच्या तळाशी छापलेला बॅच नंबर आणि वापरण्याची अंतिम तारीख वेगळी घ्या. बाहेरचा कागदी खोका असेल तर तोही.

हे करताना लेबल एकदा नीट वाचा. सौंदर्यप्रसाधनांच्या 2020 च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ते छापावंच लागतं. घटकांच्या यादीतून लहान पॅकला सूट आहे, पण 100 ग्रॅमच्या डब्याला नाही. यादीत एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं येतात, आणि त्याहून कमी असलेले शेवटी, कुठल्याही क्रमानं. म्हणून तेल अगदी शेवटी दिसलं. ‘फारच थोडं आहे हो’ असं विक्रेता म्हणेल. थोडं असलं तरी ‘फ्री’ म्हणजे नाही, आणि ॲलर्जीला थोडंही पुरतं. यातलं काही छापलेलंच नसेल, परवाना क्रमांक नसेल किंवा तारखेवर स्टिकर चिकटवलेला असेल, तर तो वेगळा आणि जास्त गंभीर मुद्दा आहे. तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नेता येतो.

चेहऱ्याचे फोटो काढले असतील तर मूळ फोटो फोनमध्ये तसेच राहू द्या. फिल्टर नाही, बाण-गोल काढणं नाही. व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे गेलेल्या प्रतीत मूळ फोटोची तारीख राहत नाही. नसतील काढले तर डॉक्टरांचा कागद पुरेसा आहे. त्यावर तारीख आणि काय झालंय ते लिहिलंय ना, पाहा. नसेल तर पुन्हा जाऊन ‘मॉइश्चरायझर वापरल्याचं सांगितल्यावर तपासलं, अमुक दिसलं’ एवढं लिहून घ्या. पुरावा म्हणून पुन्हा थोडंसं लावून पाहण्याचा मोह मात्र टाळा. एकदा ॲलर्जी बसली की दुसऱ्या वेळी त्रास लवकर येतो आणि जास्त येतो.

आता मेसेज. तो ॲपच्या ‘हेल्प’मधून पाठवा आणि तोच मजकूर ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलनं पाठवा. या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी पानाच्या अगदी तळाशी सापडतं. विक्रेत्याच्या व्हॉट्सॲपवर भांडत बसू नका. तिथलं संभाषण पुसता येतं आणि त्याला तक्रार क्रमांकही मिळत नाही. मी असं लिहिलं असतं:

*विषय: ऑर्डर क्रमांक …, वर्णनापेक्षा वेगळे उत्पादन, रक्कम परत मिळण्याबाबत*

*नमस्कार,*

*2 जून रोजी वरील ऑर्डरने मी 100 ग्रॅम मॉइश्चरायझर घेतले. किंमत 649 रुपये व डिलिव्हरी 60 रुपये, एकूण 709 रुपये. उत्पादनाच्या पानावर ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ असे लिहिलेले आहे (स्क्रीनशॉट 1). मी ते त्याच कारणासाठी घेतले. मिळालेल्या डब्यावरील घटकांच्या यादीत मात्र ‘लॅव्हेंडर ऑइल’ छापलेले आहे (फोटो 2). बॅच क्रमांक व तारीख फोटो 3 मध्ये आहे.*

*मी 7 जूनपासून ते चेहरा व मानेला लावले. 16 जूनला खाज सुरू झाली, 17 जूनला पुरळ व सूज आली. 18 जूनला डॉक्टरांना दाखवले, त्यांनी ते वापरणे बंद करण्यास सांगितले (कागद 4).*

*उत्पादन जाहिरात केलेल्या वर्णनाप्रमाणे नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 नुसार अशी वस्तू परत घेणे व रक्कम देणे नाकारता येत नाही. सील उघडले असल्याचे कारण येथे लागू होत नाही. कृपया 709 रुपये मी ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत करावेत. डबा परत हवा असल्यास तुमच्या खर्चाने घेऊन जाण्याची व्यवस्था करावी.*

*तसेच पानावरील ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हे शब्द काढावेत, म्हणजे दुसऱ्या कुणाला असा त्रास होणार नाही.*

*वैद्यकीय खर्चाबाबतचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे. तक्रार मिळाल्याची पोच व तक्रार क्रमांक द्यावा.*

यात एकही विशेषण नाही, हे बघा. ‘फसवणूक’, ‘विष’, ‘चेहरा बरबाद’ असलं काही नाही. हे मेसेज रोज शेकड्यांनी वाचणारा माणूस बहुतेक वेळा पगारी पोरगा किंवा पोरगी असते. त्याच्यापुढे ठरलेले रकाने असतात: ऑर्डर क्रमांक, कारण, पुरावा, मागणी. त्याला हे चारही पहिल्या ओळींत सापडले तर तो फाईल पुढे सरकवतो. लांब मेसेजमध्ये शोधावे लागले तर ठरलेलं उत्तर चिकटवतो. तुम्हाला मिळालं ते तसलंच चिकटवलेलं उत्तर आहे. ते मनाला लावून घेऊ नका.

एक स्टारची धमकी पुन्हा देऊ नका. खरा अनुभव लिहिणं हा तुमचा हक्क आहे, पण ‘पैसे द्या नाहीतर वाईट लिहीन’ असं लिहिलं की त्याच्या हातात तुमच्याविरुद्ध कागद जातो. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. काही विक्रेते ‘रिव्ह्यू काढा, मग पैसे देतो’ म्हणतात. त्याला नाही म्हणा. वर्णन चुकीचं असेल तर ते दुसऱ्या नाजूक त्वचेच्या बाईला कळायला हवं. त्याची किंमत 709 रुपये नाही.

डॉक्टरांची फी या पहिल्या मेसेजमध्ये मागावी का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. माझं मत आहे, मागू नये, फक्त हक्क राखून ठेवावा. वस्तूची किंमत परत करायचा अधिकार ग्राहक सेवेतल्या त्या पोराकडे असतो, नुकसानभरपाईचा नसतो. दोन्ही एकत्र मागितलं तर सगळंच ‘वर पाठवलंय’ म्हणून अडकतं. मात्र पैसे देताना ‘यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही’ अशी ओळ मान्य करायला लावली, तर औषधाचा खर्च सोडून द्यायची तुमची तयारी आहे का, हे आधी ठरवा. नसेल तर ती ओळ मान्य करू नका.

मेसेज गेल्यावर नियमाप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. पोचच आली नाही किंवा पुन्हा तेच चिकटवलेलं उत्तर आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. हे कोर्ट नाही, तिथून आदेश निघत नाही. पण तिथून कंपनीकडे तक्रार जाते आणि एरवी न हलणारी बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. वकील लागतोच असं नाही. डॉक्टरांची फी, औषधं आणि झालेला त्रास हे मागायची जागा ही आहे. गरज वाटली तर आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून उरलेलं क्रीम फेकू नका, धुऊ नका. डबा घट्ट बंद करून पिशवीत घालून, नाव-तारखेची चिठ्ठी लावून बाजूला ठेवा. कुरिअरवाला डबा न्यायला आलाच तर देण्याआधी पुन्हा फोटो काढा आणि पावती घेतल्याशिवाय देऊ नका.

समाजमाध्यमांवर कंपनीला टॅग करून तक्रार टाकणार असाल, तर एक धोका आहे. अशी पोस्ट टाकली की थोड्याच वेळात ‘कस्टमर केअर’मधून फोन येऊ शकतो, गोड बोलून रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगतात. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन लागतो तो देण्यासाठी. फोन ठेवून द्या. चुकून पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 वर कळवा.

हाच प्रश्न असलेल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. तुमच्या डब्यावर आणि पानावर काहीच विसंगती नसेल, लेबल पूर्ण असेल, तारीख उलटलेली नसेल, आणि तरीही पुरळ आलं असेल, तर तुमची बाजू बरीच कमजोर आहे. तेव्हा मेसेज मागणीचा नसावा, विनंतीचा असावा. काय झालं, कधी झालं, डॉक्टर काय म्हणाले, बॅच नंबर कोणता, एवढं सांगून ‘पैसे परत करता येतील का’ असं विचारा. चांगल्या कंपन्या अशा वेळी बहुधा पैसे देतात, कारण बॅचबद्दलची माहिती त्यांनाही हवी असते. पण नाही म्हणाल्या तर तिथे कायद्याचा हवाला देऊन उपयोग होत नाही.

तुमच्या चेहऱ्याबद्दल. पुरळ पूर्ण बसेपर्यंत नवीन काही लावू नका, साध्या पाण्यानं धुवा. कोरडं वाटलं तर साधी पेट्रोलियम जेली, तीही डॉक्टरांना विचारून. मेडिकलमधून मैत्रिणीनं सांगितलेली स्टिरॉइडची ट्यूब आणून पापण्यांना लावू नका. दोन दिवस बरं वाटतं आणि मग ती सोडवत नाही, कातडी आणखी पातळ होते. ओठ सुजले, घसा आवळल्यासारखं वाटलं किंवा श्वासाला त्रास झाला तर मेसेजचं सगळं बाजूला ठेवून 108 ला फोन करा. आणि पुन्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्या घटकांच्या यादीचा फोटो त्यांना दाखवा. पॅच टेस्ट करायची की नाही आणि कोणत्या घटकांची, हे त्यांना त्यावरून ठरवता येईल.